फ्लुमाझेनिलने पेशंट उठतो, मग त्यानेच फिट कशी येते?

प्रश्न: मी इंटर्न आहे. एंडोस्कोपीत मिडॅझोलॅमने जास्त गुंगलेला एक पेशंट फ्लुमाझेनिल दिल्यावर दोन मिनिटांत डोळे उघडून बोलायला लागला, स्वतः बघितलं. चार दिवसांनी कॅज्युअल्टीत अल्प्राझोलॅमच्या पंधरावीस गोळ्या घेतलेली बाई आली, मी फ्लुमाझेनिल काढायला गेलो तर सरांनी थांबवलं, म्हणाले ती रोज गोळ्या घेते, फिट येईल. अँटिडोट आहे ना हे? अँटिडोटने फिट कशी येते?

उत्तर:

तुमच्या सरांनी बरोबर थांबवलं. मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूही बघतो, आणि फ्लुमाझेनिलमुळे आलेली फिट मी एकदा अगदी हाताच्या अंतरावरून बघितली आहे, ती केस खाली सांगतो. पण त्याआधी 'अँटिडोट' हा शब्द जरा बाजूला ठेवू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. अँटिडोट म्हटलं की आपल्याला वाटतं हे औषध विषाला मारतं किंवा अंगातून बाहेर काढतं. फ्लुमाझेनिल यातलं काहीच करत नाही. दिल्यानंतरही मिडॅझोलॅम किंवा अल्प्राझोलॅम रक्तात तेवढंच असतं, एक कणही कमी होत नाही. फक्त त्याची बसायची जागा जाते.

ही जागा म्हणजे गाबा-ए रिसेप्टर. पाच तुकड्यांची गोल नळी समजा, मधून क्लोराइड आत जातो आणि पेशी शांत होते. नळी उघडतो तो गाबा, त्याची स्वतःची जागा अल्फा आणि बीटा तुकड्यांच्या सांध्यात असते. मिडॅझोलॅम, अल्प्राझोलॅमसारखं बेंझोडायझेपिन तिथे बसतच नाही, ते शेजारच्या अल्फा आणि गामा तुकड्यांच्या सांध्यात बसतं आणि तिथून गाबाचं काम सोपं करून देतं, म्हणजे गाबा आला की नळी नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडते. गाबाच नसेल तर बेंझो एकटं काही करू शकत नाही. म्हणूनच नुसत्या बेंझोच्या गोळ्या बऱ्याच खाल्ल्या तरी बहुतेक माणसं झोपतात, लडखडतात, पण मरत नाहीत, आणि दारू किंवा ओपिऑइड सोबत असेल तर गोष्ट एकदम बदलते.

आता फ्लुमाझेनिल येतं ते बरोबर त्याच अल्फा-गामाच्या सांध्यात, बेंझोला उठवून स्वतः बसतं आणि बसून काहीच करत नाही. नळी जास्त उघडत नाही, बंदही करत नाही. नुसती जागा अडवतं. ज्याने कधी बेंझो घेतलेलंच नाही अशा निरोगी माणसाला नेहमीच्या डोसमध्ये दिलं तर त्याला फारसं काही जाणवत नाही, आणि हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जे औषध स्वतः काहीच करत नाही ते फिट कशी आणेल? ते आणतच नाही. बेंझो बाजूला झाल्यावर खाली जो मेंदू उरतो, फिट त्या मेंदूची असते. एंडोस्कोपीतल्या तुमच्या पेशंटच्या गुंगीखाली साधा मेंदू होता, तो उठला आणि बोलायला लागला. कॅज्युअल्टीतल्या बाईच्या गुंगीखाली काय आहे हे आपल्याला माहीत नाही, किंवा सरांना माहीत होतं म्हणून तर ते थांबले.

रोज, महिनोन् महिने बेंझो घेणाऱ्याच्या मेंदूत काय होतं ते मी ज्युनियर्सना रस्सीखेचीच्या खेळासारखं सांगतो. एका बाजूला शांत करणारी टीम, म्हणजे गाबा, दुसऱ्या बाजूला चेतवणारी, म्हणजे ग्लुटामेट, दोघांचा जोर साधारण सारखा आणि रुमाल मधे. रोजची गोळी म्हणजे गाबाच्या बाजूला आणलेला एक बाहेरचा दांडगा गडी. पहिले काही दिवस रुमाल त्या बाजूला सरकतो, म्हणून झोप छान लागते. पण मेंदूला रुमाल मधेच हवा असतो, मग तो हळूहळू दोन्ही बाजू बदलतो. गाबाच्या बाजूचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, काही तुकडे बदलून असे येतात ज्यांच्यावर बेंझो नीट बसत नाही, आणि बसलं तरी त्याचा गाबाच्या जागेवर परिणाम पूर्वीइतका होत नाही. समोरच्या बाजूला ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढतात. काही आठवड्यांनी रुमाल पुन्हा मधे येतो, आणि पेशंट आपल्याला सांगतो की डॉक्टर आता एका गोळीने काही होत नाही हो.

बाहेरून माणूस अगदी नॉर्मल दिसतो, चालतो, बोलतो, ऑफिसला जातो, पण तो नॉर्मल त्या दांडग्या गड्याच्या जिवावर उभा आहे. घरची टीम अशक्त झालेली आणि समोरची तगडी.

आता गोळी अचानक बंद केली तरी काय होतं बघा. अल्प्राझोलॅम शरीरातून निघायला वेळ लागतो, हाफ लाइफ साधारण 11 तास, म्हणजे गडी दोरी हळूहळू सोडतो आणि एकदोन दिवसांत घाम, थरथर, झोप उडणं, धडधड सुरू होते, काहींना पुढच्या काही दिवसांत फिट येते. डायझेपामसारखं लांब टिकणारं असेल तर हेच सगळं आणखी उशिरा, कधी आठवड्याने दिसतं. तेवढ्या वेळात मेंदू थोडाफार सावरतो, काहींमध्ये पुरेसा, काहींमध्ये नाही. फ्लुमाझेनिल शिरेतून दिलं की तेच काम एकदोन मिनिटांत होतं. गड्याने दोरी खटकन सोडली. समोरची टीम पूर्ण ताकदीने ओढतच होती, तिला थांबायला वेळ मिळत नाही, आणि तेच आपल्याला फिट म्हणून दिसतं. वेगळा कुठला आजार नाही हा, दिवसांवर पसरलेला विथड्रॉवल मिनिटांत कोंबलेला आहे.

आता केस.

साधारण 58 वर्षांच्या बाई, कोलोनोस्कोपीसाठी आल्या होत्या. फाइलमध्ये फक्त ब्लड प्रेशरची गोळी लिहिलेली. मी 2 एमजी मिडॅझोलॅम दिलं, दोन मिनिटं थांबलो, बाई आरामात गप्पा मारतायत. आणखी 2 दिलं, तरी डोळे उघडेच. आणखी 2. एकूण 6 एमजी झालं आणि त्यांच्या वयाला एवढ्याने छान झोप लागायला हवी होती, पण त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, अजून काही वाटत नाहीये.' मग मी फेंटॅनिल वाढवलं, एकूण 100 मायक्रोग्रॅमपर्यंत. प्रोसिजर नीट झाली. स्कोप बाहेर काढला, पोटातली ओढाताण थांबली, आणि तोपर्यंत त्या दुखण्याने जाग्या राहिल्या होत्या ते उघडं पडलं. श्वास मिनिटाला 6 वर आला, सॅच्युरेशन 84.

जबडा पुढे उचलला, ऑक्सिजन वाढवला, हाक मारून श्वास घ्यायला लावला, सॅच्युरेशन 95 झालं. खरं म्हणजे इथे घाई संपली होती. पण आवाज, गडबड, पुढचा पेशंट दाराशी, आणि हातात फ्लुमाझेनिल. 0.2 एमजी दिलं. एका मिनिटात डोळे उघडले, पण ते उघडणं मला आवडलं नाही. शांतपणे जागं झालेलं माणूस इकडेतिकडे बघतं, काय झालं विचारतं. या बाई दचकून उठल्यासारख्या, कपाळावर घाम, पलंगाच्या कडा धरतायत, नाडी 84 वरून 120. आणि श्वास अजूनही सावकाशच. मी समजलो डोस कमी पडला, आणि 0.3 एमजी एकदम ढकललं. दुसरा डोस मीच दिला हे मुद्दाम सांगतोय. मिनिटभरात डाव्या हाताला झटके, मग दोन्ही हात, मग पूर्ण अंगाची फिट.

बाहेर मुलगा बसला होता, त्याला सिस्टरने विचारलं तेव्हा कळलं, अल्प्राझोलॅम 0.5 एमजी दिवसातून तीनदा, नऊ वर्षं. 'ती झोपेची गोळी आहे, औषध नाही, म्हणून सांगितली नाही.' आणि उपाशी यायला सांगितलं होतं म्हणून आदल्या रात्रीची आणि सकाळची अशा दोन्ही गोळ्या घेतलेल्या नव्हत्या.

आता ही केस उलटी लावून बघू, कारण प्रत्येक पायरीवर खूण होती आणि मी ती वाचली नाही. पहिली खूण, मिडॅझोलॅम लागत नव्हतं. साठीच्या आसपासच्या माणसाला 6 एमजी मिडॅझोलॅम देऊन तो गप्पा मारत असेल तर एकतर सुई शिरेत नाही किंवा त्याच्या रिसेप्टरला बेंझोची सवय आहे (किंवा दारूची, कारण दारूची सवय असलेल्यांमध्येही बेंझोचा परिणाम कमी होतो). आता मला असं दिसलं की मी पुढचा डोस द्यायच्या आधी थांबतो आणि पेशंटलाच विचारतो, झोपेसाठी, टेन्शनसाठी, चक्करसाठी काही घेता का. 'औषध घेता का' असं विचारून उत्तर मिळत नाही.

दुसरी खूण, श्वास कशामुळे मंद झाला होता? ज्या मेंदूवर 6 एमजी मिडॅझोलॅम चाललं नाही त्याच्या श्वासाला मिडॅझोलॅमनेच दाबलं असेल हे पटण्यासारखं नव्हतं. मंद पण खोल श्वास, बारीक बाहुल्या, हे फेंटॅनिलचं चित्र होतं. फेंटॅनिलवर नालोक्सोन चालतं, फ्लुमाझेनिल नाही, त्याला ओपिऑइडच्या रिसेप्टरशी काही देणंघेणं नाही. दारू, बार्बिच्युरेट, प्रोपोफॉल यांच्यावरही ते चालत नाही. झोल्पिडेमसारख्या झेड-औषधांवर चालतं, कारण ती त्याच जागेवर बसतात. म्हणजे मी चुकीच्या कुलपाला चावी लावत होतो, आणि ते उघडत नाही म्हणून आणखी जोर लावला. शिवाय निव्वळ बेंझोने श्वास मंद झाला असला तरी फ्लुमाझेनिलने जाग येते तितक्या खात्रीने श्वास सुधारेलच असं नसतं. पेशंट डोळे उघडतो आणि आपण निर्धास्त होतो, तर तसं नाही. श्वासासाठी आपला हात आणि बॅग-मास्क यांच्यावरच भरवसा ठेवायचा.

तिसरी खूण पहिल्या डोसनंतरची. घाम, अस्वस्थता, वाढलेली नाडी, दचकलेपणा हा सगळा विथड्रॉवलचा पहिला मिनिट होता. रस्सी सुटायला लागली होती. तिथे सिरिंज खाली ठेवायला हवी होती.

आणि चौथी, वेग. इथे जरा थांबतो, कारण पुस्तकात डोस लिहिलेला असतो पण तो तसा का ते पटकन कळत नाही. फ्लुमाझेनिल बहुतेक ठिकाणी मिलीलीटरला 0.1 एमजी अशा ताकदीने येतं, म्हणजे 2 मिली म्हणजे 0.2 एमजी. प्रोसिजरच्या गुंगीसाठी मोठ्या माणसाला 0.2 एमजी पंधरा सेकंदांत द्यायचं, मग जवळजवळ मिनिटभर थांबायचं, जाग नाही आली तर पुन्हा 0.2, असं करत साधारण 1 एमजीपर्यंत. थांबायचं कशासाठी? परिणाम एकदोन मिनिटांत दिसायला लागतो पण पूर्ण जोर यायला सहा ते दहा मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही दुसरा डोस देता तेव्हा पहिला अजून चढतच असतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेंझोचे सगळे परिणाम सारख्याच जागा भरून होत नाहीत. फिट थांबवायला आणि भीती कमी करायला थोड्या रिसेप्टरवर बसलं तरी पुरतं, गाढ झोप आणायला खूप जागा भराव्या लागतात. म्हणून फ्लुमाझेनिल थोडं थोडं दिलं की वरच्या जागा आधी सुटतात, झोप उतरते, पण फिटीपासून वाचवणारं थोडं बेंझो खाली बसलेलं राहतं. एकदम दिलं की सगळ्याच जागा रिकाम्या. म्हणजे नुसतं जागं करायचं असेल तर ध्येय 'हाक मारल्यावर डोळे उघडतो, श्वास नीट' एवढंच असावं, टकटकीत जागा करणं हे ध्येयच नाही. एक मात्र सांगतो, खरोखर सवय लागलेल्या पेशंटमध्ये हळू दिल्याने धोका कमी होतो, जात नाही. त्याला 0.2 एमजीनेही फिट येऊ शकते.

फिट आल्यावर काय केलं. फ्लुमाझेनिल अर्थातच बंद. बाईंना कुशीवर, ऑक्सिजन, सक्शन, आणि 5 एमजी मिडॅझोलॅम शिरेतून. पहिल्या 5 ने थांबली नाही, आणखी 5 दिल्यावर थांबली, सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. इथे लोक गडबडतात की जागा फ्लुमाझेनिलने अडवली आहे तर बेंझो देऊन काय उपयोग. उपयोग आहे, कारण ही अडवणूक कायमची नाही, दोन औषधांची जागेसाठी स्पर्धा आहे, बेंझो जास्त झालं की ते फ्लुमाझेनिलला हटवतं. फक्त नेहमीच्या डोसपेक्षा जास्त लागू शकतं हे धरून चालायचं. त्यानेही नाही थांबली तर मी प्रोपोफॉल किंवा फिनोबार्बिटल घेतो, कारण ती गाबा रिसेप्टरच्या वेगळ्याच जागी बसतात, फ्लुमाझेनिल त्यांच्या वाटेत येत नाही. मग श्वासासाठी घशातून नळी घालायची तयारी ठेवावी लागते, त्या दिवशीही ठेवली होती, लागली नाही. फेनिटॉइनच्या मागे मी लागत नाही, ते सोडियम चॅनेलवर काम करतं, इथे जे कमी पडलंय ते भरून काढत नाही.

आता पुढचा भाग, ज्यात फिट थांबल्यावर लोक ढिले पडतात. फ्लुमाझेनिलची हाफ लाइफ साधारण तासाभराची, लिव्हर ते भराभर संपवतं. मिडॅझोलॅमची दोनतीन तासांपर्यंत, लोराझेपामची दहापंधरा तास, आणि डायझेपाम तर त्याच्या मेटाबोलाइटसकट दिवसच्या दिवस राहतं. सुरुवातीला म्हटलं ना की बेंझो तिथेच असतं, फक्त जागा जाते. तासादीड तासाने फ्लुमाझेनिल उठून गेलं की जागा रिकामी आणि बेंझो परत येऊन बसतं, पेशंट पुन्हा गुंगतो. आमच्या बाईंच्या अंगात आता 6 आणि वरून 10 असं 16 एमजी मिडॅझोलॅम होतं. म्हणून त्यांना आयसीयूत ठेवलं, श्वास आणि सॅच्युरेशनवर नजर ठेवली, आणि खरंच तासाभराने त्या पुन्हा गाढ झोपल्या. जबडा उचलायला एक माणूस शेजारी, ऑक्सिजन सुरू, बाकी काही नाही. त्या वेळी ज्युनियरने मला विचारलं, परत थोडं फ्लुमाझेनिल देऊ का, मी नाही म्हणालो. संध्याकाळी त्या स्वतःहून जाग्या झाल्या आणि रात्री त्यांची नेहमीची अल्प्राझोलॅमची गोळी त्यांना दिली, हे महत्त्वाचं आहे, कारण ती चुकली तर खरा, सावकाश येणारा विथड्रॉवल वाटेवर होताच. गोळी कमी करायचीच असेल तर ती पुढे महिन्यांच्या हिशेबाने, सायकियाट्रिस्टबरोबर.

तुमच्या पेशंटमध्ये मी काय बघितलं असतं ते पण लिहितो, कारण ती बाई माझ्या बाईपेक्षा जास्त अवघड आहे. माझ्या बाईंच्या अंगात काय गेलं ते मला माहीत होतं, मीच दिलं होतं. गोळ्या खाऊन आलेल्या माणसाच्या अंगात अल्प्राझोलॅमशिवाय काय आहे ते बऱ्याचदा कुणालाच माहीत नसतं, आणि झोपेची गोळी रोज घेणाऱ्याच्या घरात डिप्रेशनची गोळीही असायची शक्यता बरीच असते. समजा तिने सोबत अमिट्रिप्टिलिन खाल्लं असेल. ट्रायसायक्लिक स्वतः फिट आणतात आणि हृदयाची लय बिघडवतात. तिच्या पोटातलं अल्प्राझोलॅम नकळत ती फिट दाबून धरतंय, जसं आपण ट्रायसायक्लिकच्या फिटीवर मुद्दाम बेंझो देतो तसंच. आपण फ्लुमाझेनिलने ते संरक्षण काढलं की खालची फिट वर येते, आणि ट्रायसायक्लिकच्या पेशंटमध्ये फिटीने रक्त आम्लधर्मी झालं की हृदय आणखी बिघडतं, तो पेशंट हातून जाऊ शकतो. ट्रॅमाडॉल, ब्युप्रोपिऑन, थिओफिलिन, आयसोनियाझिड यांच्याबाबतही तोच विचार. म्हणून बेशुद्ध पेशंटला आधी ईसीजी, क्यूआरएस 100 मिलीसेकंदाच्या वर रुंद झाला असेल तर फ्लुमाझेनिलचं नावही काढायचं नाही. शुगर बघायची, आणि घरच्यांना सगळ्या रिकाम्या स्ट्रिप आणायला सांगायच्या, फक्त 'त्या' गोळीची नाही. अंग कडक होतंय, रिफ्लेक्स वाढलेत, बाहुल्या मोठ्या, नाडी धावतेय असं असेल तर नुसतं बेंझो नाही हे समजा, निव्वळ बेंझोचा पेशंट सैल, शांत आणि जवळजवळ नॉर्मल नाडी-बीपीचा असतो.

आणि एपिलेप्सीचा पेशंट क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपामवर असेल तर त्याचं फिट न येणं त्या औषधामुळेच असतं, तिथे तर हे सरळसरळ काढून घेणं झालं. आयसीयूत पाचसात दिवस मिडॅझोलॅमच्या इन्फ्युजनवर असलेला पेशंटही याच यादीत येतो, तो घरी कधी गोळी घेत नसला तरी, ती सवय आपणच लावलेली असते. वजन, वय, लिव्हर, किती वर्षं, कुठली गोळी, किती डोस, यावर कुणाला फिट येईल आणि कुणाला नुसता घाम फुटेल हे ठरतं आणि ते आधी सांगता येत नाही, म्हणून मी अशा कुणालाच देत नाही.

मग तिच्यासाठी करायचं काय? कंटाळवाणं आहे पण तेच उपचार आहेत. एअरवे, ऑक्सिजन, कुशीवर झोपवणं, उलटी फुफ्फुसात जाऊ नये याची काळजी, मॉनिटर, आणि एवढी गुंगी की स्वतःचा एअरवे सांभाळत नाही तर नळी. अल्प्राझोलॅम आपोआप उतरतं, दिवसभरात बहुतेक जण उठतात. नळी घालून एक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवणं हे ऐकायला फ्लुमाझेनिलपेक्षा मोठं वाटतं, पण व्हेंटिलेटर आपल्या ताब्यात असतो, फिट नसते.

फ्लुमाझेनिल वाईट आहे असं मात्र मनात धरू नका, माझ्या ट्रॉलीत ते नेहमी असतं. तुमचा एंडोस्कोपीतला पेशंट, ज्याला आपणच मिडॅझोलॅम दिलंय, किती ते माहीत आहे, रोजची गोळी नाही, फिटीचा इतिहास नाही, तिथे हे औषध सुंदर काम करतं. चुकून आजीची गोळी खाल्लेलं लहान मूल, दुसरं काही खाल्लेलं नाही याची खात्री असेल आणि श्वास दबत असेल, तर तिथेही मी विचार करतो, अर्थात वजनावर डोस काढून. पण तिथेही दिल्यानंतर निदान दोन तास डोळ्यासमोर ठेवायचं, 'उठला, घरी जाऊ द्या' असं नाही.

आणि पुढच्या वेळी प्री-ऑपला प्रश्न विचाराल तेव्हा दोन विचारा, रात्री झोपायला काही घेता का, आणि आज उपाशी राहायचं म्हणून ती गोळी चुकवली का. त्या बाईंना हे दोन प्रश्न मी विचारले असते तर सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली असती, मिडॅझोलॅम लागत नाही म्हणून फेंटॅनिल वाढवलं नसतं, आणि फ्लुमाझेनिलची अँप्यूल ट्रॉलीतच राहिली असती.